पदर उलटून पाहताना

जाहिरात एक मिनिट चार सेकंदांची होती. एक ओळ टाइप करा आणि पूर्ण लघुपट मिळवा, असा तिचा दावा. नाशिकमधल्या एका व्हिडिओ एडिटरने ती डाउनलोड करून थेट टाइमलाइनवर टाकली, आवाज बंद केला आणि कट मोजले. एकतीस निघाले. म्हणजे बत्तीस शॉट, सरासरी दोन सेकंदांचा एक. सर्वांत लांब शॉट साडेतीन सेकंदांचा होता आणि त्यात धुक्यातल्या टेकडीखेरीज काही नव्हते. ज्या शॉटमध्ये माणूस होता, तो कुठेही अडीच सेकंदांपुढे गेला नव्हता. एकच माणूस त्याच कपड्यांत दोन वेगळ्या बाजूंनी दिसतोय, असे तर एकदाही घडले नव्हते.

पूर्ण लघुपट बनवून देणाऱ्या एआय साधनाला स्वतःच्या जाहिरातीत चार सेकंदांचा एक शॉट दाखवता आला नव्हता. त्या दिवशी तिने पैसे भरले नाहीत.

कट मोजण्याची ही सवय तिला एआयमुळे लागलेली नाही. ती एकोणीस वर्षे या धंद्यात आहे. सुरुवात लग्नांच्या शूटिंगपासून झाली, मिनी डीव्हीच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या काळात. अक्षतांच्या वेळी कॅमेरा हलला, नेमक्या क्षणी कुणीतरी मध्ये आले, वरमाईने डोळे मिटले, की कट मारायचा आणि मांडवातल्या फुलांवर जायचे. कट गोष्ट पुढे नेतो, तसाच तो दोषही झाकतो, हे तिने पहिल्या दोन सीझनमध्येच शिकून घेतले होते. त्यामुळे दुसऱ्याच्या कामात कट कुठे पडलाय हे पाहिले की तिथे काय झाकले असेल याचा तिला साधारण अंदाज येतो. एआय व्हिडिओच्या साधनांच्या जाहिराती ती आता याच नजरेने पाहते.

पण ही नजर सुरुवातीला तिने स्वतःच वापरली नव्हती.

15 फेब्रुवारी 2024 रोजी ओपनएआयने सोरा या मॉडेलचे नमुने जगाला दाखवले. टोकियोच्या ओल्या रस्त्यावरून चालत येणारी बाई, बर्फातून चालणारे केसाळ मॅमथ. एका मिनिटापर्यंतचा व्हिडिओ बनू शकतो असे कंपनीने सांगितले होते. ती टोकियोची क्लिप तिने त्या रात्री दहा वेळा पाहिली आणि आपला धंदा संपला असे तिला खरेच वाटले. सोरा तेव्हा लोकांना वापरायला मिळत नव्हते. पण त्याच्या मागोमाग दुसऱ्या साधनांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागल्या, आणि त्यांतल्या एकीवर भरवसा ठेवून तिने एका शाळेचे काम घेतले. दोन मिनिटांची गोष्ट, पाण्यासाठी विहिरीवर जाणाऱ्या एका मुलीची. चोवीस शॉट, आठ दिवस, आणि नेहमीच्या निम्म्याहून कमी पैसे. जाहिरातीत लिहिले होते की पात्र एकदा ठरवले की ते प्रत्येक दृश्यात तेच राहते.

पहिल्या शॉटमधली मुलगी नऊ वर्षांची होती. तिसऱ्यात ती चौदाची झाली. पाचव्यात तिच्या दोन वेण्यांची एक झाली, आठव्यात फ्रॉकचा निळा रंग हिरव्याकडे झुकला. एकेकटा पाहिला तर प्रत्येक शॉट देखणा होता. एकापाठोपाठ एक लावले की त्या आठ वेगवेगळ्या मुली होत्या. सहा दिवस तिने तीच वर्णने शब्द बदलून पुन्हा पुन्हा टाकली. सातव्या दिवशी शाळेची माफी मागितली, एका चित्रकाराला गाठले, हाताने काढलेल्या चित्रांवरून फिल्म केली आणि कामात चाळीस हजारांचा खड्डा पडला.

त्या जाहिरातीतले एकही वाक्य खोटे म्हणून पकडता आले नसते. पात्र तेच राहते, हे त्यांनी ज्या तीन शॉटवर दाखवले होते त्या तिन्हींत खरेच होते. तिन्ही शॉट समोरून घेतलेले, खांद्यापर्यंतचे, एकाच उजेडातले. मुलगी वळत नव्हती, पळत नव्हती, कुणाच्या मागे जाऊन परत येत नव्हती. हे तिने नुकसान झाल्यावर पाहिले. आधी पाहिले असते तरी दिसलेच असते.

त्याच सुमारास एक गोष्ट तिच्या वाचनात आली आणि तिने ती वहीत उतरवून ठेवली. सोरा ज्या मोजक्या कलाकारांना आधी वापरायला दिले होते, त्यांत टोरोंटोचा ‘शाय किड्स’ हा तिघांचा चमू होता. डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेल्या माणसावर त्यांनी ‘एअर हेड’ हा साधारण सव्वा मिनिटाचा लघुपट केला. तो पाहून जगभर लोक थक्क झाले. पुढे त्या चमूतल्या एकाने मुलाखतीत काम कसे झाले ते मोकळेपणाने सांगितले. फुग्याचा रंग दर वेळी पिवळाच येत नव्हता. कधी फुग्यावर चेहरा उमटायचा, कधी समोर दोरी लोंबायची. ते सगळे नेहमीच्या व्हिज्युअल इफेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने पुसावे आणि रंगवावे लागले. फिल्ममध्ये जेवढे वापरले त्याच्या सुमारे तीनशे पट साहित्य त्यांना तयार करावे लागले होते.

एकास तीनशे. हा आकडा तिच्या टेबलासमोर आजही चिकटवलेला आहे. नंतरच्या मॉडेलमध्ये हे प्रमाण बरेच खाली आले हे तिला मान्य आहे, तिच्या स्वतःच्या कामातही ते तसे आले. पण प्रमाण नावाची गोष्ट असते आणि जाहिरात ती कधीच सांगत नाही, हे तिला तेव्हा कळले. त्या वर्षी डिसेंबरात सोरा लोकांसाठी खुले झाले, तेव्हा एका क्लिपची कमाल मर्यादा वीस सेकंद होती. फेब्रुवारीत दाखवलेले मिनिट डिसेंबरात विकायला आले नाही.

असे का होते हे समजून घ्यायला तिला बराच वेळ लागला, पण एकदा समजल्यावर निम्म्या जाहिरातींचा निकाल आपोआप लागू लागला. ही मॉडेल चित्र काढायला सुरुवात करतात ती टीव्हीला सिग्नल नसताना दिसणाऱ्या मुंग्यांसारख्या गोंधळापासून. तो गोंधळ पायरीपायरीने साफ करत ती क्लिपच्या सगळ्या फ्रेम एकत्रच घडवतात. आठ सेकंदांची क्लिप म्हणजे सेकंदाला 24 या हिशेबाने 192 फ्रेम. त्या सगळ्या एकमेकींशी जुळवत न्यायच्या तर क्लिप जितकी लांब तितकी गणिताची ताकद फार वेगाने वाढवावी लागते. म्हणून मर्यादा सेकंदांत असते. व्हिडिओ हवा तेवढा लांबवा असे बटण बहुतेक साधने देतात, पण ते करताना मॉडेल आधीच्या क्लिपच्या शेवटच्या फ्रेमवरून किंवा शेवटच्या थोड्या तुकड्यावरून पुढचे घडवते. त्या तुकड्यात जे दिसत नाही ते त्याच्यासाठी उरतच नाही. बाईने मान वळवली आणि कानातली कुडी दिसेनाशी झाली, की पुढच्या क्लिपमध्ये परत मान वळल्यावर तिथे झुमका असू शकतो. शिवाय प्रत्येक जोडाबरोबर थोडा रंग, थोडी धार बिघडते, झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशी. चौथ्या जोडापर्यंत कातडी मेणासारखी दिसू लागते.

त्यामुळे हल्ली एखाद्या जाहिरातीत सलग दोन मिनिटे असा दावा दिसला, की ती जोड शोधते. साधारण दर पाच, आठ किंवा दहा सेकंदांनी उजेडात बारीक उडी आहे का, हालचाल क्षणभर अडखळते का, हे पाहते. कीबोर्डवरच्या बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे नेली की ती उडी सापडते.

येवल्याच्या पैठणीचे काम आले ते मागच्या वर्षी. तीन पिढ्या हातमागावर काढलेले कुटुंब, आणि घरातल्या मुलाने पाहिलेली एक जाहिरात. त्यात साडीचा एक फोटो टाकला की एक मॉडेल ती साडी नेसून चालत येते, पदर वाऱ्यावर उडतो, पाठीमागे राजवाडा. चार मिनिटांत, फोर के मध्ये. मुलाचे म्हणणे होते की मॉडेल, मेकअप, जागा, सगळा खर्च वाचेल. तिने लगेच नाही म्हटले नाही, हो सुद्धा म्हटले नाही. जाहिरातीतल्या प्रत्येक दाव्याची आपल्याच साडीवर तीन दिवस तपासणी करायची आणि त्या तीन दिवसांचे पैसे वेगळे धरायचे, असे ठरले. शाळेच्या कामानंतर तिने घालून घेतलेला हा नियम आहे.

साडी निवडली बांगडी मोराच्या पदराची. काठ नारळी. उत्तम उजेडात, सपाट पसरून तिचे फोटो काढले आणि ते आधार म्हणून दिले. पहिली क्लिप आली तेव्हा खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास रोखला, इतकी ती सुंदर होती. पदर खांद्यावरून सरकला, हवेत पसरला, जर चमकली. घरातले वडीलधारे काका खुर्ची पुढे ओढून स्क्रीनजवळ बसले. त्यांनी क्लिप दोनदा पाहिली.

“ताई, हा आमचा मोर नाही,” ते म्हणाले.

तिने क्लिप थांबवली. पहिल्या फ्रेममध्ये मोर बरोबर होता, कारण तो फोटोतूनच आला होता. पदराला पहिली घडी पडली तिथे मोराची मान लांबली. घडी उलगडल्यावर बांगडीच्या आत मोराऐवजी पानासारखे काहीतरी होते. नारळी काठाची एकसारखी टोके दीड सेकंदानंतर लाटांसारखी गोल झाली होती. आणि पदर जिथे उलटा होऊन त्याची मागची बाजू दिसली, तिथे काकांनी बोट ठेवले. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत होते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नक्षीतल्या रंगांचे धागे विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात, मागे मोकळे सोडलेले नसतात. गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदा पदर उलटून पाहते ते याचसाठी. मशीनवरच्या नकलेत मागे धागे सुटलेले दिसतात. म्हणजे त्या क्लिपमध्ये या कुटुंबाची हातमागाची साडी यंत्रमागाची होऊन आली होती.

एआय मॉडेलचा यात काही हेतू नव्हता. त्याला फक्त सरळ बाजूचा फोटो मिळाला होता. उलट बाजू कशी असते ते त्याने इतर हजारो कापडांवरून ठरवले, आणि बहुतेक भरतकामाच्या आणि जरीच्या कापडांना मागे धागे असतातच. मागच्या बाजूचा फोटोही देऊन पाहिला. धागे गेले, पण मोर काही टिकला नाही. कापड हलले की नक्षी वितळायची. साडी जितकी स्थिर, तितकी नक्षी खरी. घडी घालून ठेवलेल्या साडीकडे कॅमेरा हळूच सरकतो अशी तीन सेकंदांची क्लिप चौथ्या प्रयत्नात मनासारखी मिळाली. तिच्यातला प्रत्येक मोर काकांनी भिंग घेऊन तपासला आणि होकार दिला.

हातमाग दाखवण्याचा प्रयत्न त्याच दिवशी सोडून द्यावा लागला. विणकराची बोटे धाग्यांच्या आरपार जात होती, धोटा ताण्यातून न जाता त्याच्यावरून तरंगत होता. नाशिकच्या प्रेक्षकाला हे कदाचित कळणार नाही, येवल्याच्या प्रेक्षकाला पहिल्या सेकंदात कळेल.

मग राहिले फोर के. सेटिंग उघडून पाहिल्यावर दिसले की क्लिप मुळात 1280 गुणिले 720 अशी बनते आणि नंतर मोठी केली जाते. फोर के चे चित्र 3840 गुणिले 2160 असते, म्हणजे बरोबर नऊपट ठिपके. नवातला एक ठिपका मूळ मॉडेलने दिलेला, उरलेले आठ मोठे करणाऱ्या सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले. टेकडी, आकाश, भिंत असेल तर हा अंदाज छान जमतो आणि कुणाला फरक कळत नाही. पैठणीवर जर आणि रेशीम यांची वीण त्याने स्वतःच्या मनाने आखली, सगळीकडे एकाच जाडीची, छापल्यासारखी. हा दावा तिने वहीत ‘अर्धा खरा’ म्हणून नोंदवला. फाइल फोर के ची मिळते, तपशील मिळत नाही.

चार मिनिटांचा दावा तर तिने घड्याळ लावून तपासला. एक क्लिप बनायला खरोखर चार मिनिटेच लागली, कधी तीनच. पण तीन दिवसांत एकूण 64 क्लिप बनवल्या आणि त्यांतल्या पाच वापरण्याजोग्या ठरल्या. पाचही माणूस नसलेल्या किंवा माणूस दूर, पाठमोरा असलेल्या. पहाटेची गल्ली, वाऱ्याने हलणारा पडदा, समईची ज्योत, ती घडीची साडी, आणि अंगणातून आत जाणारी एक पाठमोरी बाई. जाहिरातीतली चार मिनिटे यंत्राची होती. निवडणाऱ्या माणसाचे तीन दिवस त्यात धरलेले नव्हते.

पैशांचा हिशेबही इथेच उघडा पडला. ही साधने रुपयांत सेकंद विकत नाहीत, क्रेडिट विकतात, आणि एका क्लिपला किती क्रेडिट लागतात हे मॉडेल, लांबी आणि आवाज यांवर बदलते. महिन्याला हजार क्रेडिट हा आकडा भरघोस वाटतो. आठ सेकंदांच्या चांगल्या प्रतीच्या क्लिपला शंभर लागत असतील तर ते दहा प्रयत्न आहेत. 64 प्रयत्नांना सात महिन्यांची वर्गणी एकदम लागली असती. महिनाअखेरीला उरलेली क्रेडिट पुढे जात नाहीत, हेही बहुतेकदा अटींमध्ये असते. ‘अनलिमिटेड’ लिहिलेले असेल तर बहुतेकदा अर्थ इतकाच की क्रेडिट संपल्यावर रांगेत थांबून, हळू वेगाने बनवता येईल. ते पूर्ण निरुपयोगी नसते. रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून प्रयोग करण्यासाठी ती योजना तिने घेतलेली आहे. पण उद्या सकाळी क्लिप द्यायची असेल तर ती योजना कामाची नाही.

म्हणून ती आता दाव्याला एकच प्रश्न लावते. वापरण्याजोग्या एका सेकंदाला किती पैसे आणि किती तास लागले? हे फक्त आपल्या वस्तूवर, आपल्या हाताने केल्यावर कळते. त्यासाठी एका महिन्याचेच पैसे भरायचे. वार्षिक वर्गणीवर मोठी सूट जाहिरातीच्या शेवटी उलट्या मोजणीच्या घड्याळासह येते, तिच्याकडे बघायचे नाही. या क्षेत्रात सहा महिन्यांत साधन मागे पडते. पुढच्या वर्षी हेच साधन उत्तम राहील असे समजून बाराही महिन्यांचे पैसे आज देणे तिला कधीच परवडलेले नाही.

मराठीचा दावा हा तिला सर्वांत जास्त दुखावणारा. भाषांच्या यादीत मराठी असते, त्यामुळे दावा तांत्रिकदृष्ट्या खरा असतो. मे 2025 मध्ये गूगलने व्हीओ 3 आणले आणि चित्राबरोबर बोलणे, आवाज एकत्र बनू लागले, तेव्हापासून अशा जाहिराती फार वाढल्या. तिने स्वतःसाठी दोन वाक्ये तयार केली आहेत आणि प्रत्येक साधनाकडून आधी तीच बोलून घेते. एक आहे, “चमच्याने चहा ढवळ.” मराठीत चमच्याच्या सुरुवातीचा च आणि चहातला च एकसारखे नाहीत. पहिला दातांशी, दुसरा टाळूशी. हिंदीच्या वळणावर शिकलेला आवाज दोन्ही टाळूशीच काढतो, आणि ‘ढवळ’मधल्या ळ चा बहुतेकदा ल होतो. दुसरे वाक्य ओठांसाठी आहे, “मामाने बाबांना पाच पोळ्या पाठवल्या.” प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. तोंडाची हालचाल आवाजाशी जुळवणारे साधन चांगले असेल तर प्रत्येक म, ब आणि प ला ओठ मिटलेले दिसतात. कच्चे असेल तर तोंड नुसते उघडे हलत राहते. आवाज बंद करून हे वाक्य पाहिले की दहा सेकंदांत निकाल लागतो.

पाट्यांचेही असेच. दुकानाची पाटी मॉडेलने बनवली तर शिरोरेषा दिसते, तिच्याखाली अक्षरांसारखे आकार दिसतात, आणि जोडाक्षरे बहुतेकदा मोडलेली असतात. ‘पैठणी’ हा शब्द तिला अकरा प्रयत्नांत एकदा बरोबर मिळाला, तोही कॅमेरा हलताच बिघडला. अक्षरे एडिटिंगमध्ये आपणच बसवायची, हे तिने कायमचे ठरवून टाकले आहे.

असे असूनही ती या साधनांच्या विरोधात नाही, उलट रोज वापरते. जी आश्वासने जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसतात ती बहुतेक पाळली जातात, हा तिचा अनुभव. पंख्याची घरघर मुलाखतीतून काढणे, बोलण्यातली रिकामी जागा छाटणे, माणसाला पार्श्वभूमीपासून कापून वेगळे करणे, या कामांना पूर्वी एकेक दिवस जायचा. तासाभराच्या मराठी मुलाखतीचे शब्द टाइप करायला तिच्याकडच्या मुलाला दीड दिवस लागायचा. आता कच्चा मसुदा काही मिनिटांत येतो आणि तो दुरुस्त करायला तीन तास पुरतात. गावांची नावे, आडनावे आणि आकडे मात्र प्रत्येक वेळी आवाज ऐकून तपासावे लागतात. ही आश्वासने खरी ठरण्याचे कारण तिला स्पष्ट दिसते. तिथे मूळ चित्र, मूळ आवाज हाताशी असतो. साधनाने काय बिघडवले हे शेजारी ठेवून लगेच तपासता येते. पैठणीच्या उलट्या बाजूसारखी, समोर नसलेली गोष्ट त्याला कल्पनेने भरायची नसते.

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते वाचायलाही ती शिकली. वेळ कमी करून दाखवला आहे, दृश्ये संपादित आहेत, परिणाम वेगळे असू शकतात, अशी वाक्ये तिथे असतात, आणि मराठी किंवा हिंदी जाहिरातीखाली ती बहुधा इंग्रजीत असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये फसव्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत तळटीप दाव्याच्याच भाषेत असावी आणि मुख्य दाव्याला खोडून काढणारी नसावी असे स्पष्ट म्हटले आहे. वर्गणी घेणे एका बटणावर आणि ती बंद करण्याची वाट सापडू नये अशी रचना करणे, हेही नोव्हेंबर 2023 च्या तत्त्वांनी अनुचित ठरवले आहे. तिच्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरने अशाच अडकलेल्या वर्गणीसाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली होती. पैसे परत मिळायला दोन महिने लागले, पण मिळाले.

या तत्त्वांचा दुसरा अर्थ तिला काकांमुळे उमगला. तो वाऱ्यावर उडणारा पदर सुंदर होता, आणि विणकरांच्या घरातल्या मुलाचा तो वापरण्याचा आग्रह होता. कोण मोर मोजत बसणार, असे तो म्हणाला. काकांनी विचारले, गिऱ्हाईक हा पदर बघून आले आणि दुकानात तो नसेल तर आपण काय सांगायचे? खोलीत कुणी काही बोलले नाही. साधनाची जाहिरात फसवते की नाही हे तपासता तपासता, त्या साधनाने बनवलेली आपली जाहिरात आपल्या गिऱ्हाइकाला फसवेल का, हा प्रश्न समोर येऊन बसला होता. तिने तो वहीत सर्वांत वर लिहिला. पैठणीच्या कामानंतर विकायची वस्तू, ती वस्तू घडवणारे हात आणि तिच्याविषयी बोलणारा माणूस, या तिन्ही गोष्टी ती मॉडेलकडून बनवून घेत नाही. कामाच्या अंदाजपत्रकात हे सुरुवातीलाच लिहिलेले असते. दोन गिऱ्हाइके त्यावरून परत गेली आहेत.

पैठणीची जाहिरात शेवटी तीस सेकंदांची झाली. त्यातले नऊ सेकंद यंत्राने बनवलेले आहेत, पहाटेची गल्ली, समई आणि घडीची साडी. उरलेले एकवीस सेकंद येवल्यात, मागाशेजारी, दोन दिवे लावून अर्ध्या दिवसात चित्रित केले. घरातल्या सुनेने पदर पुढे धरला, मग उलटा केला. तो शॉट सलग सहा सेकंदांचा आहे, आणि त्यात एकही कट नाही.